१ जानेवारी २०१०चे कीर्तन : बिननावाच्या ध्वनिसंग्रहाला तारखा लावण्याचे एक प्रकरण

(गाव, संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. फायलींमधल्या नोंदींचे स्वरूप आणि हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षकाने हयातभर जमवलेली कीर्तने, हरिपाठ, काकडा आणि भजनांची रेकॉर्डिंग्ज होती. ते गेल्यावर घरच्यांनी त्यांची हार्ड डिस्क गावच्या वाचनालयाला दिली. डिस्कवर १३१२ ध्वनिफायली होत्या. वही नाही, यादी नाही, लेबल नाही. फोल्डरांची नावे `New Folder (3)`, `card`, `card2`, `मोबाईल जुना` अशी. फायलींची नावे `STE-014.wav`, `Voice 007.m4a`, `AUD-20160305-WA0012.m4a` अशा धाटणीची, आणि `STE-014.wav` तर चार वेगवेगळ्या फोल्डरांत. रेकॉर्डर दर फोल्डरात नव्याने शून्यापासून मोजायला लागतो, त्यामुळे या आकड्याला फोल्डराबाहेर काही अर्थ नसतो.

वाचनालयाला हवे होते ते साधे : कोणते कीर्तन कोणत्या दिवशीचे, एवढे कळावे. कीर्तनकारांपैकी काही हयात नाहीत, तेव्हा विचारायची सोयही मर्यादित.

अडचण

पहिल्याच दिवशी एका स्वयंसेवकाने सगळ्या फायली तारखेनुसार लावून पाहिल्या. यादीच्या सुरुवातीला जानेवारी ते जून २०१० या काळात दोनशेहून अधिक कीर्तने आली. त्यातली बरीच रात्री दोन-अडीचला सुरू होणारी, काही भर दुपारी चाललेले काकडे. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे हा रेकॉर्डर २०१३मध्ये घेतलेला. म्हणजे तारखा होत्या, नेमक्या होत्या, सेकंदापर्यंत होत्या, आणि चुकीच्या होत्या.

फायलीच्या पोटातली तारीख म्हणजे एखाद्या घड्याळाने दिलेली साक्ष असते. ते घड्याळ कोणाचे, ते शेवटचे कधी लावले होते, आणि त्याने रेकॉर्डिंगची सुरुवात नोंदवली की शेवट, हे कळल्याशिवाय ती साक्ष वापरता येत नाही. एकाच फायलीवर अशा तीन-चार तारखा असतात आणि प्रत्येकीचे घड्याळ वेगळे असू शकते.

पर्याय

तीन वाटा समोर होत्या. एक, सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि बोलण्यातून तारखा काढायच्या. पण कीर्तन दीड-दोन तासांचे. हजार फायलींसाठी वर्ष पुरले नसते, शिवाय बहुतेक कीर्तनकार तिथी सांगतात, साल सांगत नाहीत. दोन, मेटाडेटात, म्हणजे फायलीसोबत साठवलेल्या नोंदींत, दिसते ती तारीख घ्यायची आणि उघड चुकलेल्या बाजूला काढायच्या. हे झटपट झाले असते, पण ‘उघड’ न चुकलेल्या चुका कॅटलॉगमध्ये कायमच्या गेल्या असत्या. तीन, तारखेचा विचार आधी सोडून द्यायचा, फायली यंत्रानुसार वेगळ्या करायच्या, मग एकेका यंत्राच्या घड्याळाची चौकशी करायची आणि ऐकायचे फक्त तिथे, जिथे ऐकण्याने सगळा गट एकदम सुटेल. तिसरी वाट घेतली.

मूळ डिस्क आधी

काम डिस्कच्या प्रतीवर सुरू झाले होते. मूळ डिस्कला हात लावायचा नाही हे तत्त्व योग्यच, पण त्यात एक गोष्ट हातची जाणार होती. विंडोजवर फाइल ओढून दुसऱ्या डिस्कवर टाकली की ‘बदलल्याची’ तारीख जुनीच राहते, पण ‘तयार झाल्याची’ तारीख प्रत काढल्याच्या क्षणाची होते. म्हणजे मूळ डिस्कवरच्या ‘तयार झाल्याच्या’ तारखा गुरुजींनी कार्ड कधी रिकामे केले ते सांगत होत्या, आणि प्रतीवरच्या तारखा फक्त स्वयंसेवकांनी प्रत कधी काढली ते. रेकॉर्डिंगची तारीख म्हणून या नोंदीचा उपयोग नाही म्हणून लोक ती सोडून देतात. इथे पुढे तिनेच गाठ सोडवली.

म्हणून डिस्कवर काहीही लिहू न देणारा राइट-ब्लॉकर लावून मूळ डिस्क पुन्हा विंडोजच्या संगणकाला जोडली आणि फायलींतल्या नोंदी वाचणाऱ्या `exiftool` ने सगळ्या नोंदी एका तक्त्यात उतरवल्या :

```
exiftool -r -csv -FileCreateDate -FileModifyDate -DateTimeOriginal -CreateDate -Originator -Encoder -AndroidVersion -Duration# . > D:\suchi.csv
```

`Duration#` मधल्या चिन्हामुळे लांबी सेकंदांत मिळते, नाहीतर पुढची बेरीज-वजाबाकी अवघड होते. त्यानंतर प्रत्येक फाइलीचा `sha256`, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढला. हुबेहूब सारख्या २१४ प्रती निघाल्या आणि १०९८ वेगळ्या फायली उरल्या. कोणत्याही फाइलीत काहीही लिहायचे नाही, दुरुस्त तारीख फक्त तक्त्याच्या नव्या रकान्यात टाकायची, असे ठरले.

यंत्रानुसार वाटणी

रेकॉर्डरच्या `.wav` फायलींत `bext` नावाचा एक भाग असतो. त्यात यंत्राचे नाव, रेकॉर्डिंग सुरू झाल्याची तारीख आणि वेळ असते. `exiftool` ती वेळ `DateTimeOriginal` म्हणून दाखवतो आणि यंत्राचे नाव `Originator` मध्ये. अशा ३८६ फायली निघाल्या. जुन्या अँड्रॉइड फोनच्या २४१ `.m4a` फायलींत `AndroidVersion` होते. गुरुजींच्या मुलीच्या आयफोनवरच्या ८८ फायलींच्या `Encoder` मध्ये `com.apple.VoiceMemos` आणि पुढे आयओएसची आवृत्ती होती. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या १६७ फायली नावावरूनच कळल्या. १३९ फायली कॅसेटवरून संगणकावर उतरवलेल्या होत्या. उरलेल्या ७७ `.mp3` कुणीतरी रूपांतर केलेल्या.

कॅसेटच्या गटाचा प्रश्न चटकन मिटला, म्हणजे सुटला नाही. त्यातली तारीख कॅसेट उतरवल्याची आहे, गाणाऱ्याच्या आवाजाबद्दल ती काहीच बोलत नाही. तिथे मेटाडेटा थांबतो.

फोनचे घड्याळ आणि साडेपाच तास

फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, त्यामुळे त्याचे घड्याळ बहुधा बरोबर असते. त्याची चूक वेगळी असते. `.m4a` च्या आतली `CreateDate` ही १ जानेवारी १९०४पासूनचे सेकंद मोजून लिहिलेली असते आणि नियमाप्रमाणे ती जागतिक वेळेत असावी लागते. `exiftool` आपणहून ती भारतीय वेळेत बदलत नाही. म्हणून तक्त्यात हरिपाठ दुपारी दीडला दिसत होता, तो प्रत्यक्षात संध्याकाळी सातचा. हरिपाठाचे ठीक, दिवस तोच राहतो. पण पहाटे ४.४०चा काकडा जागतिक वेळेत आदल्या दिवशीचा २३.१० होतो. बदल न करता तारखा उचलल्या असत्या तर साडेपाचच्या आधीचे काकडे एक दिवस मागे गेले असते, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नसते, कारण रात्री अकराचे भजन अशक्य नाही.

सगळीच यंत्रे नियम पाळत नाहीत. काही फोन आणि कॅमेरे त्याच जागी सरळ स्थानिक वेळ लिहून ठेवतात. इथे निवाडा करायला ४० फायली कामी आल्या, ज्यांच्या नावातच सुरुवातीची स्थानिक वेळ होती, उदाहरणार्थ `20140709_213632.m4a`. या फाइलीची `CreateDate` होती `2014:07:09 16:47:52`. त्यात साडेपाच तास मिळवले की २२.१७.५२ होतात. नावातली वेळ २१.३६.३२. फरक ४१ मिनिटे २० सेकंद, आणि फाइलीची लांबी तेवढीच. म्हणजे हा फोन जागतिक वेळ लिहितो, आणि रेकॉर्डिंग *संपल्याची* लिहितो. अँड्रॉइडमध्ये ही तारीख असलेला फाइलीचा शीर्षभाग रेकॉर्डिंग थांबवताना लिहिला जातो, त्याचा हा परिणाम. उरलेल्या २०१ फायलींची सुरुवात मग `CreateDate` अधिक साडेपाच तास वजा लांबी, अशी काढली. चाळीसपैकी एकही फाइल या हिशेबाबाहेर गेली नाही म्हणूनच तो सगळ्या गटाला लावला.

रेकॉर्डरच्या चार फेऱ्या

खरे काम रेकॉर्डरचे होते. आधी नोंदी शाबूत आहेत का हे पाहिले. `bext` मध्ये सुरुवात असते आणि कार्डावरची ‘बदलल्याची’ तारीख रेकॉर्डिंग संपल्यावर पडते. सुरुवातीत लांबी मिळवली की ‘बदलल्याची’ वेळ यायला हवी. कार्ड फॅट३२ पद्धतीचे असल्याने ती दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते, तेवढी सूट धरली. ३८६ पैकी ३७८ जुळल्या. उरलेल्या आठ कुणीतरी पुन्हा सेव्ह केल्या होत्या, त्यांच्यासाठी `bext`वर भिस्त ठेवली. या तपासणीत एक फसगत आहे : दोन्ही नोंदी एकाच घड्याळाच्या असल्याने घड्याळ चुकलेले असले तरी त्या जुळतातच. जुळणे म्हणजे नंतर छेडछाड झाली नाही, एवढेच.

या रेकॉर्डरचे सेल संपून तो तसाच पडून राहिला की घड्याळ `2010-01-01 00:00:00` वर जाऊन पुन्हा चालू लागते. गुरुजी सेल घालत, तारीख लावत नसत. म्हणून यादीतली गर्दी एका सलग काळाची नव्हती, एकमेकींवर रचलेल्या अनेक फेऱ्यांची होती. प्रत्येक फेरी १ जानेवारी २०१०ला सुरू होणार, मग त्या सुट्या करायच्या कशा? इथे मूळ डिस्कवरची ‘तयार झाल्याची’ तारीख आली. चुकलेल्या तारखांच्या फायली नेमक्या तीन दिवशी कार्डावरून डिस्कवर आल्या होत्या : १४ सप्टेंबर २०१४, १० जानेवारी २०१६ आणि २० नोव्हेंबर २०१६. प्रत्येक गटात रेकॉर्डरचे घड्याळ एकदाच शून्यावरून सुरू होऊन पुढे जात होते. गट अनुक्रमे ६३, १०४ आणि ७१ फायलींचे. उरलेल्या १४८ फायलींत २०१३-१४च्या तारखा होत्या, हरिपाठ संध्याकाळी आणि काकडे पहाटे पडत होते. ती पहिली, घड्याळ लावलेली फेरी.

दुसरी फेरी : एका आरोळीवरून

एका फेरीतले घड्याळ सलग चालते. म्हणून एका फाइलीचा खरा क्षण कळला की फरक कळतो, आणि तोच फरक फेरीतल्या सगळ्या फायलींना लागतो.

दुसऱ्या फेरीतली `STE-021.wav` सुरू होते `2010-01-19 02:20:22` ला. सुरुवातीलाच कीर्तनकार देवशयनी एकादशीचा उल्लेख करतात. २०१४ची आषाढी ९ जुलैला होती. त्याच रात्रीची फोनवरची फाइल वर आलीच आहे. दोन्ही ऐकल्यावर एकच जागा सापडली : ‘पुंडलिक वरदे’ची आरोळी आणि लगेच कुणाच्या तरी हातून पडलेला टाळ. फोनमध्ये ती ३ मिनिटे १० सेकंदांवर, म्हणजे २१.३९.४२ ला. रेकॉर्डरमध्ये ५५ मिनिटे २० सेकंदांवर, म्हणजे त्याच्या घड्याळाने १९ जानेवारी २०१०, ०३.१५.४२. फरक १६३२ दिवस १८ तास २४ मिनिटे. उलटे मोजले तर घड्याळ शून्यावर आले २१ जून २०१४च्या संध्याकाळी ६.२४ला, वारीच्या दिवसांत. सेल तेव्हा घातले असणार.

आरोळीसारखी जागा निवडताना काळजी घ्यावी लागते. टाळांचा ठेका किंवा गजराची ओळ पुनःपुन्हा येते आणि दोन फायलींतल्या भलत्याच जागा जुळल्यासारख्या वाटतात. पडलेला टाळ, खोकला, माइकची शीळ, असे एकदाच घडलेले काही घ्यावे.

मग तपासणी. फरक मिळवल्यावर एक प्रवचन १२ जुलै २०१४च्या संध्याकाळी येत होते. उघडून ऐकले, वक्ते गुरुपौर्णिमेचे महत्त्व सांगत होते. त्या वर्षी गुरुपौर्णिमा त्याच दिवशी होती. फेरीच्या शेवटाकडे २९ ऑगस्टची गणेश चतुर्थीची आरती फोनवरही होती. तिथे हिशेब ४७ सेकंदांनी चुकला. ५१ दिवसांत ४७ सेकंद म्हणजे दिवसाला सेकंदाहून कमी, स्वस्त क्वार्ट्‌झ घड्याळाचे हे नेहमीचे सरकणे. तारीख लावायला ते दुर्लक्ष करण्याजोगे आहे.

तिसरी फेरी : अधिक महिन्यावरून

या काळात फोन बंद पडला होता, त्यामुळे जोडीची फाइल नव्हती. एकादशीच्या एका कीर्तनात मात्र वाक्य सापडले : अधिक आषाढ आताच सरला, तेव्हा यंदा विठोबाने भक्तांना महिनाभर जास्त वाट पाहायला लावली. रेकॉर्डर वापरात असलेल्या वर्षांत आषाढ अधिक आला तो फक्त २०१५ला, १७ जून ते १६ जुलै. म्हणून ही आषाढी २७ जुलै २०१५ची. यंत्रावर वेळ होती `2010-01-15 12:50`.

दिवस मिळाला, पण तास नाही. कीर्तन सात ते दहापर्यंत केव्हाही सुरू झालेले असू शकते. मग फेरीतल्या लहान फायली पाहिल्या. पंचवीस-तीस मिनिटांच्या कितीतरी फायली रोज यंत्राच्या घड्याळाने १०.४०च्या आसपास सुरू होत होत्या. ऐकल्या, तो हरिपाठ. त्या देवळात हरिपाठ संध्याकाळी सातला होतो. म्हणजे तासांचा फरक सुमारे ८ तास २० मिनिटे आणि एकूण फरक २०१९ दिवस ८ तास २० मिनिटे. त्याने कीर्तन रात्री ९.१०ला येते, जे पटण्यासारखे आहे. अर्ध्या तासाची चूक यात धरावी लागते. म्हणून मध्यरात्रीच्या आगेमागे पडणाऱ्या फायली एकेक ऐकून घेतल्या.

बाकीच्या फायली

व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलीच्या नावातली तारीख त्या फोनवर फाइल आली किंवा गेली त्या दिवसाची असते. ती ‘यानंतरचे नाही’ एवढेच सांगते. रूपांतर केलेल्या `.mp3` मध्ये उलटी मर्यादा मिळते : `LAME3.100` असे दिसले तर रूपांतर ऑक्टोबर २०१७नंतरचे, कारण ती आवृत्ती तेव्हा आली. पण ही मर्यादा रूपांतराची आहे, कीर्तनाची नव्हे. एका स्वयंसेवकाने ती कीर्तनाची म्हणून नोंदली होती, आणि सात फायली चुकून २०१७नंतर गेल्या होत्या. त्याच कीर्तनाची मूळ `.wav` दुसऱ्या फेरीत सापडल्यामुळे चूक उघडी पडली. आयफोनच्या १४ फायलींतली तारीख रूपांतरात गेली होती, तिथे आयओएसच्या आवृत्तीवरून ‘याआधीचे नाही’ एवढे म्हणता आले.

निष्पत्ती

१०९८ पैकी ६३० फायलींना दिवसापर्यंत तारीख लागली. ३२९ फायलींना एका किंवा दोन्ही बाजूंची मर्यादा मिळाली. कॅसेटच्या १३९ फायलींत फक्त उतरवल्याची तारीख आहे आणि तसे स्पष्ट लिहिले आहे. कॅटलॉगमध्ये तारीख अंदाजासकट लिहिता येईल अशी पद्धत वापरली : `2014-07-09` म्हणजे नक्की दिवस, `2016~` म्हणजे अंदाजे वर्ष, `2016-01-03/2016-11-20` म्हणजे या दोहोंमधले काही. शेजारच्या रकान्यात आधार लिहिला : ‘दुसरी फेरी, फोनशी जुळवून’, ‘व्हॉट्सअ‍ॅप नावावरून, वरची मर्यादा’. उद्या फरकात चूक सापडली तर एका फेरीच्या सगळ्या तारखा एका सूत्राने बदलता येतील, ते या रकान्यामुळेच.

वेगळे काय करता आले असते

प्रतीवर सुरू केलेले पहिले दहा दिवसांचे काम वाया गेले. डिस्क हातात आली त्याच दिवशी, प्रत काढण्याआधी, तिन्ही प्रकारच्या तारखा उतरवून घ्यायला हव्या होत्या.

रेकॉर्डर स्वतः घरच्यांकडे होता, पण तो मागवायचे कुणाला सुचले नाही. दरम्यान त्यांनी नवे सेल घालून तो चालतो का पाहिले, आणि शेवटच्या फेरीचे घड्याळ पुसले गेले. ते चालू असते तर त्याची वेळ आणि हातातल्या घड्याळाची वेळ शेजारी ठेवून फरक मिळाला असता. यंत्र सापडले तर बटण दाबण्याआधी त्याच्या पडद्याचा फोटो काढावा.

चौथ्या फेरीच्या ७१ फायली ३ जानेवारी ते २० नोव्हेंबर २०१६ अशा लांबलचक मर्यादेत अडकल्या आहेत. वरची मर्यादा कार्ड रिकामे केल्याची, खालची तिसऱ्या फेरीतल्या शेवटच्या रेकॉर्डिंगची. कॅटलॉग छापून झाल्यावर लक्षात आले की यातले काकडे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत यंत्राच्या घड्याळाने २७ दिवसांत पसरले आहेत. काकडा कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालत असेल, तर २०१६त तो १५ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, एकूण ३१ दिवस. २७ दिवसांची पट्टी ३१ दिवसांच्या खाचेत फक्त पाच प्रकारे बसते, म्हणजे सगळ्या ७१ फायलींची तारीख पाच दिवसांच्या आत येते. पण सगळ्या गावांत काकडा कोजागरीलाच बसत नाही. त्या देवळात २०१६ साली तो कधी बसला आणि कधी उठला, हे पुजाऱ्यांना विचारायचे राहिले आहे.